‘हो का’ टाइप करू नका, बोला: फ्लर्टी व्हॉइस नोट कधी पाठवायची आणि कशी रेकॉर्ड करायची

"हो का" हे दोन शब्द एकदा टाइप करून बघा. वाचणाऱ्याने ते कसे वाचायचे हे कळायला काहीच मार्ग नाही, तुम्ही चिडलाय, कंटाळलाय की गालातल्या गालात हसताय, स्क्रीनवर सगळं सारखंच दिसतं. आता तेच तोंडाने म्हणा, "हो काऽऽ", शेवटचा स्वर जरा लांबवून आणि वर उचलून, आणि लगेच कळतं की हे चिडवणं आहे आणि त्यात लाड आहे. आपल्या भाषेत असे कितीतरी शब्द आहेत ज्यांचा अर्थच मुळात सुरात असतो. "बघू हं", "शहाणाच आहेस", "जा, मी नाही बोलत", "बरं बरं". कागदावर ठेवले तर यातले निम्मे भांडणाचे वाटतील.

माझं काम आवाजाचं आहे, दिवसभर हेडफोन लावून लोकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायची, कापायची, साफ करायची. त्यामुळे मैत्रिणी मला आपल्या व्हॉइस नोट्स पाठवायच्या आधी ऐकवतात, "हे फार होतंय का गं" असं विचारत, आणि चुका जवळजवळ नेहमी त्याच त्याच असतात. म्हणून एकच प्रसंग धरून नीट लिहितेय. दोघांची ओळख झालीये, रोज चॅट चालतं, चिडवाचिडवी दोन्हीकडून सुरू आहे, पण फोनवर तासतासभर बोलण्याइतकं अजून पुढे गेलेलं नाही, आणि तुम्हाला पहिली फ्लर्टी व्हॉइस नोट पाठवायचीये.

आधी ठरवा, हे आवाजाचं काम आहे का

मी एक साधी परीक्षा घेते. जो मेसेज पाठवायचाय तो टाइप करा, त्यातले सगळे इमोजी काढून टाका आणि बातम्या वाचतात तसा सपाट आवाजात वाचा. अर्थ तसाच राहिला तर टाइप करूनच पाठवा, आवाजाची गरज नाही. पण सपाट वाचल्यावर तो टोमणा झाला, हुकूम झाला किंवा रुसवा झाला, तर तो मेसेज आवाजाचा आहे. इमोजीने तेवढ्यापुरतं सावरता येतं हे खरंय, पण "शहाणाच आहेस" नंतर डोळा मारणारा चेहरा टाकणं म्हणजे चिडवून झाल्यावर "मी चिडवलं हां" असं सांगण्यासारखं आहे, त्यातली मजा तिथेच संपते.

गंमत म्हणजे लिहिणाऱ्याला हे जाणवतच नाही, कारण लिहिताना सूर आपल्या डोक्यात वाजत असतो. 2005 साली अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास छापला होता. लोकांना काही वाक्यं एकदा ईमेलने आणि एकदा आवाजातून पाठवायला सांगितली, काही मनापासूनची, काही उपरोधाची. पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे वाटत होतं की समोरच्याला साधारण 78 टक्के वेळा बरोबर कळेल. आवाजात ते 73 टक्क्यांच्या आसपास खरं ठरलं, ईमेलमध्ये मात्र 56 च्या आसपास, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तर पन्नास आलेच असते. चिडवणं हे याच जातीचं बोलणं आहे, बोलायचं एक आणि म्हणायचं दुसरंच असतं.

सरळ कौतुक मात्र मी टाइपच करते. "काल छान दिसत होतास" हे लिहिलेलं असलं की त्याला ते एकट्याने दोनदा-तीनदा वाचता येतं, लाजायला जागा मिळते. तेच पहिल्याच व्हॉइस नोटमध्ये गंभीर आवाजात आलं की जड होतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की आता आपणही याच वजनाचं काहीतरी बोलायला हवं. भेटायची वेळ, पत्ता, प्लॅन हे पण टाइपच करा, परत शोधायला लागतं ते.

आणि समोरून चिडवणं येत नसेल, उत्तरं "हो", "ओके", "बिझी आहे" अशी एकेका शब्दाची असतील तर व्हॉइस नोट पाठवूच नका. टेक्स्ट नुसता बघून सोडता येतो, आवाज कानात येतो, आणि नको असलेल्या माणसाचा लाडिक आवाज कानात येणं खरंच त्रासदायक असतं.

वेळ कुठली

पहिली व्हॉइस नोट हे उत्तर असावं, सुरुवात नसावी. त्याने काहीतरी पाठवलंय ज्यात चिडवायला जागा आहे, आणि तुम्ही पाच-दहा मिनिटांत आवाजात उत्तर देताय, हे सगळ्यात सहज वाटतं. दुपारी तीनला काही कारण नसताना अचानक व्हॉइस नोट आली तर माणूस आधी घाबरतो, काही झालं का म्हणून. तो मीटिंगमध्ये किंवा घरच्यांत आहे हे माहीत असेल तर थांबा, नाहीतर ती नोट रात्रीपर्यंत तशीच पडून राहते आणि तोवर ज्या गोष्टीवर चिडवलं ती शिळी झालेली असते. "निवांत ऐक हां" असं खाली लिहून ठेवणं तर अजिबात नको, मग ती नोट काहीतरी मोठी होऊन बसते आणि आत असतं नुसतं दहा सेकंदांचं हसू.

माझी स्वतःची एक नोट, तीन टेकमध्ये

एकाशी माझं नुकतंच बोलणं सुरू झालं होतं. त्याने दोनदा छाती फुगवून सांगितलं होतं की मी रोज पाचला उठतो, सुट्टीच्या दिवशीपण. मग एका रविवारी पावणेदहाला मेसेज आला, "गुड मॉर्निंग, आत्ता उठलो". मी पटकन टाइप केलं, "हो का, पाचला उठणारे ना आपण?" आणि पाठवायच्या आधी थांबले. कारण आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो आणि त्यात हे "आपण" आलं. बोलताना असं मुद्दाम मान देणं म्हणजे लाडच असतात, पण लिहिलेलं वाचलं तर वाटतं ही बाई रागावली आणि एकदम परकं करून टाकलं. म्हटलं, हे बोलायलाच हवं.

पहिला टेक सव्वीस सेकंदांचा झाला. "हाय, अरे तुझा मेसेज वाचला आत्ता, मला ना टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून बोलतेच डायरेक्ट, ऐक ना, म्हणजे..." असं करत करत मूळ वाक्य चौदाव्या सेकंदाला आलं. हीच सगळ्यात कॉमन चूक आहे. आपल्याला अवघडल्यासारखं होतं म्हणून आपण आवाजात बोलण्याचं कारण देत बसतो आणि त्या कारणातूनच अवघडलेपण समोरच्याला कळतं. पुसून टाकला.

दुसऱ्या टेकसाठी वाक्यं लिहून काढली आणि वाचली. नऊ सेकंद, कुठे अडखळणं नाही, एकदम स्वच्छ, आणि परत ऐकलं तर जाहिरात वाटत होती. वाचलेलं बोलणं कानाला लगेच कळतं, थांबे बरोबर स्वल्पविरामावर येतात, प्रत्येक वाक्याचा शेवट सारखाच खाली उतरतो आणि शब्द शोधताना होणारा तो बारीक विलंब कुठेच नसतो. तोही पुसला.

तिसऱ्या वेळी कागद बाजूला ठेवला आणि डोक्यात फक्त तीन गोष्टी ठेवल्या, हो का, पाच, उठवते. डोळे मिटले आणि पावणेदहाला केस विस्कटून फोन बघणारा तो डोळ्यासमोर आणला. असं आलं:

"हो काऽऽ... पाचला उठणारे ना आपण? (इथे मला हसू आलं) ...बरं. उद्या मी उठवते. पाचला. फोन उचलायचा हं."

अकरा सेकंद. हसू मधेच फुटलं आणि "आपण" नंतरचा श्वासपण ऐकू येतो, ते मी ठेवलं, कारण ते त्याच्याचमुळे आलं होतं आणि ते तसं ऐकूही येतं. "हो का" नंतर साधारण सेकंदभर थांबले, त्या सेकंदात ऐकणारा स्वतःच हसायला लागतो, आता काय येणार हे त्याला कळलेलं असतं. आणि शेवटी "फोन उचलायचा हं" यात त्याला उत्तर द्यायला काहीतरी आहे. नुसतं "आळशी आहेस तू" वर संपवलं असतं तर तो हसून गप्प बसला असता.

तुमच्या नोटची बांधणीपण अशीच ठेवा, पहिलाच शब्द चिडवण्याचा, मग त्याच्या बोलण्यातली एक नेमकी गोष्ट, आणि शेवट असा की तिकडून काहीतरी यायला हवं. लांबी आठ ते पंधरा सेकंद, अगदी वीसपर्यंत चालेल. नोट लांब दिसली की लोक दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतात, व्हॉट्सॲपवर ही सोय 2021 पासून आहे, आणि दुप्पट वेगात तुमचा तो सेकंदभराचा थांबा अर्धा होतो आणि लाडिक सूर घाईचा वाटायला लागतो. अकरा सेकंदांची नोट सहसा कोणी पळवत नाही.

रेकॉर्ड करताना

जागा बघा आधी. बाथरूम आणि जिना इथे आवाज घुमतो आणि तुम्ही लपून बोलताय असं वाटतं. पडदे, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असलेली खोली सगळ्यात चांगली, कापड आवाजाचे पडसाद शोषून घेतं आणि बोलणं जवळून आल्यासारखं लागतं. पंखा तेवढ्यापुरता बंद करा.

फोन तोंडापासून एक वीत लांब, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटर. बहुतेक फोनचा बोलायचा माइक खालच्या कडेला असतो, तर ती कडा तुमच्याकडे, पण ओठांच्या सरळ समोर नको, जरा गालाच्या बाजूला. मराठीत ख, फ, भ, ध असे हवा सोडणारे वर्ण भरपूर आहेत, आणि "फोन उचलायचा" मधला फ सरळ माइकवर आला की भप्पकन आवाज येतो, ऐकणारा दचकतो. फार लांब धरला तर खोली जास्त ऐकू येते आणि तुम्ही कमी. ब्लूटूथ इअरबड्स काढून ठेवा. त्यांचा माइक सुरू झाला की बऱ्याचदा आवाज जुन्या फोन कॉलसारखा चपटा होतो, श्वास आणि हसूतला बारकावा जातो, आणि इथे तर सगळी भिस्त त्याच्यावरच आहे.

व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं आणि बोट मोकळं होतं. हे नक्की करा, कारण बोट दाबून ठेवलं की आपण नकळत घाईत बोलतो, आणि बोट सुटलं की नोट थेट जाते, ऐकून बघायची संधीच मिळत नाही. लॉक केल्यावर थांबवून आधी ऐकता येतं आणि आवडलं नाही तर डब्याच्या खुणेवर दाबून पुसता येतं. बटण दाबल्यावर लगेच तोंड उघडू नका, एक श्वास घ्या, नाहीतर "हो का" मधला "हो" कापला जातो आणि नुसतं "का" पोचतं. शेवटच्या शब्दानंतरपण अर्धा सेकंद जाऊ द्या.

आता आवाज. हा भाग जास्त महत्त्वाचा आहे कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की तो पातळ आणि परका वाटतो. बोलताना आपल्याला स्वतःचा आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खालचे सूर जास्त पोचतात म्हणून आतून तो भरदार लागतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो. म्हणजे जो आवाज तुम्हाला विचित्र वाटतोय तो बाकी सगळ्यांना रोजचाच ओळखीचा आहे, आणि समोरच्याला तुम्ही त्याच आवाजासकट आवडलाय. हे कळलं नाही की माणूस आवाज मुद्दाम खाली ओढायला लागतो, भारदस्त करायला जातो, मग वाक्याच्या शेवटी घशात करकर येते आणि ते बनावट आहे हे पहिल्या दोन शब्दांत कळतं.

दुसरी गडबड कुजबुजण्याची. लोकांना वाटतं कुजबुजलं की जवळीक वाटेल. पण कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत, नुसती हवा घासत जाते, त्यामुळे सुराचा चढउतारच निघून जातो, आणि चिडवणं तर त्या चढउतारातच असतं. वर फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय कुजबुजीला गोंगाट समजून खाऊन टाकू शकते. त्यापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्या हळू, पण पूर्ण आवाजात बोला.

आणि खरंच हसा, दात दिसतील इतपत नाही, ओठांचे कोपरे उचलले तरी पुरे. ओठ ताणले गेले की तोंडातली आवाजाची नळी जराशी आखूड होते आणि आवाजाचा रंग उजळतो, म्हणून चेहरा न दिसताही हसणं ऐकू येतं. आरशासमोर ठरवून हसू नका, त्या माणसाचा फोटो किंवा त्याचा तोच मेसेज समोर ठेवा, ओठ आपोआप वळतात.

रेकॉर्ड झालं की एकदाच ऐका, स्पीकरवर नको, फोन कानाला लावून, कारण तो बहुतेक तसंच ऐकणार आहे. फक्त तीन ठिकाणी लक्ष द्या, पहिला शब्द पूर्ण आलाय का, जिथे थांबलात तिथे खरंच थांबा आहे का, आणि शेवट कापला गेला नाही ना. आवाज आवडला का हा प्रश्न स्वतःला विचारूच नका. तीन टेकमध्ये जमलं नाही तर सोडून द्या आणि साधा टेक्स्ट पाठवा, चौथ्या-पाचव्या टेकला बोलणं इतकं घासून गुळगुळीत होतं की त्यात माणूस उरत नाही.

पाठवल्यावर

त्याने नोट ऐकली की माइकची खूण निळी होते. वाचल्याच्या निळ्या टिक बंद केल्या असल्या तरी व्हॉइस नोट ऐकल्याचं कळतंच, म्हणजे तुम्ही ऐकली की त्यालाही कळतं हे लक्षात ठेवा. खूण निळी झाल्यावर तासभर उत्तर नाही आलं तर "ऐकलंस का?" असं विचारू नका आणि दुसरी नोट तर बिलकुल नको. व्हॉइस नोटला उत्तर द्यायचं म्हणजे त्यालापण एकांत शोधायचाय, त्याचेही टेक चुकत असतील.

उत्तर कशात येतंय ते बघा. आवाजात आलं तर सरळच आहे. टेक्स्टमध्ये आलं पण त्यात तुमचंच वाक्य धरलेलं असेल, "आपण उठतो हां पाचला, आज अपवाद" असं काही, तरी छानच, त्याने सूर ओळखलाय आणि त्याच सुरात खेळतोय. पण नुसता हसरा चेहरा आला आणि विषय बदलला, असं दोनदा झालं, तर आवाज थांबवा आणि टेक्स्टवर परत या. काही लोकांना व्हॉइस नोट आवडतच नाही, काहींना तुमच्याकडून एवढं जवळचं अजून नको असतं, यातलं कुठलं हे खोदून विचारायची गरज नाही.

आणि एक, नोट पुढे पाठवता येते आणि चार लोकांत स्पीकरवर वाजू शकते. जे त्याच्या आईसमोर चुकून वाजलं तर दोघांना तोंड लपवावं लागेल ते पहिल्या नोटमध्ये नकोच. एकदाच ऐकता येईल अशी नोट पाठवायची सोय व्हॉट्सॲपने 2023 च्या शेवटी आणली, पण शेजारी दुसरा फोन ठेवून तीही रेकॉर्ड करता येते, म्हणून तिच्यावर फार विसंबू नका. पाठवलेली नोट सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवस मिळतात, पण तिथे डिलीट केल्याची ओळ राहते, आणि पहिल्याच फ्लर्टी नोटच्या जागी ती ओळ दिसली की समोरचा रात्रभर विचार करत बसतो.

नोटमध्ये काही करीन म्हणून सांगितलं असेल तर ते करा, नाहीतर पुढच्या नोटमधलं चिडवणं पोकळ वाटतं. त्याने तेव्हा चार सेकंदांची नोट पाठवली होती, नुसतं हसू आणि मग "अगं नको ना". मी सोमवारी पहाटे पाचला खरंच फोन लावला, दुसऱ्या रिंगला उचलला, आणि पलीकडून झोपेत जड झालेल्या आवाजात फक्त "उठलोय हं आपण" एवढंच आलं.